स्लाइड शेवटच्या खुर्चीसाठी: ऑफिसातल्या दहा मिनिटांच्या बोलण्याची तयारी

गेल्या महिन्यात एका रविवारी भाची लॅपटॉप घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घरी आली. ती मकरपुरा जीआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मेन्टेनन्स बघते. मंगळवारी तिला प्लँट हेडसमोर दहा मिनिटं बोलायचं होतं. कॉम्प्रेसरच्या हवेची गळती दुरुस्त करायला मंजुरी आणि थोडे पैसे मिळवायचे, एवढंच काम.

"मामा, एकच स्लाइड आहे, सगळं त्यात आलंय. जरा नजर टाकता का?"

सगळं खरंच आलं होतं. वर "कॉम्प्रेस्ड एअर लीकेज" असा मथळा, त्याखाली नऊ मुद्दे, उजवीकडे एक्सेलमधून उचललेला तक्ता, कोपऱ्यात हवेच्या नळ्या जोडणाऱ्या एका गळक्या कपलिंगचा फोटो आणि तळाशी बारीक अक्षरात खर्च. वरवर पाहता एकही आकडा चुकीचा वाटला नाही. तरी मी तिला पहिला प्रश्न स्लाइडबद्दल विचारलाच नाही. विचारलं ते मीटिंग रूमबद्दल.

आधी खोली मोजा

स्लाइडवर किती मजकूर मावेल हे लॅपटॉपवर ठरत नाही, ते खोलीतल्या शेवटच्या खुर्चीवर ठरतं. "२४ पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको" असले नियम सगळीकडे सांगतात, पण तोच २४ पॉइंट मोठ्या पडद्यावर वाचता येतो आणि लांबट खोलीतल्या टीव्हीवर येत नाही. म्हणून दोन मापं हवीत: पडद्याचा आकार, आणि पडद्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीचं अंतर.

भाचीच्या खोलीत ५५ इंची टीव्ही आहे आणि लांबट टेबलाच्या टोकाची खुर्ची त्याच्यापासून साधारण ६ मीटरवर. तिचा लॅपटॉप १५.६ इंची. टीव्ही लॅपटॉपच्या साडेतीनपट मोठा, म्हणजे शेवटच्या खुर्चीवरून टीव्ही जेवढा दिसतो तेवढाच लॅपटॉप ६ मीटरच्या साडेतीनाव्या हिश्शावरून दिसतो. हिशोब असा:

```
लॅपटॉपपासूनचं अंतर = शेवटच्या खुर्चीचं अंतर × लॅपटॉपचे इंच ÷ टीव्हीचे इंच
६०० सेंमी × १५.६ ÷ ५५ = १७० सेंमी
```

आम्ही लॅपटॉप टेबलावर ठेवला, F5 दाबून स्लाइड पूर्ण पडद्यावर लावली, टेपने १७० सेंटिमीटर मोजून फरशीवर खडूची रेघ ओढली आणि तिला रेघेवर उभं केलं. मथळा वाचता आला. नऊ मुद्द्यांतले दोन-तीन शब्द ओळखू आले, तेही मजकूर तिनेच लिहिलेला म्हणून. तक्त्याचे फक्त उभे-आडवे पट्टे दिसत होते.

प्रोजेक्टर असेल तर पडद्याचं माप घेऊ नका, पडद्यावर उमटणाऱ्या चित्राचं घ्या. ते बरेचदा पडद्यापेक्षा लहान असतं. लॅपटॉपचा आकार टीव्हीसारखा १६:९ नसेल, तर तिरप्या मापाऐवजी दोन्हीकडे स्लाइडची रुंदी मोजा आणि इंचांच्या जागी तीच घाला.

ही चाचणी स्वतःवर घेताना एक धोका आहे. आपलं लिखाण आपल्याला पाठ असतं, त्यामुळे धूसर अक्षरही मेंदू भरून काढतो. म्हणून रेघेवर दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. आमच्याकडे त्या दिवशी माझी बायको उभी राहिली. तिला कॉम्प्रेसरमधलं काही माहीत नाही, म्हणून तिचं वाचन जास्त भरवशाचं होतं.

अक्षराचा आकार ठरवा, मग शब्द मोजा

आरामात वाचायचं असेल तर अक्षराची उंची वाचणाऱ्याच्या अंतराच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी हवी. ६ मीटरला ३ सेंटिमीटर. याहून लहान अक्षर चांगल्या डोळ्यांना दिसतंच, पण ओळखायला जोर लावावा लागतो, आणि तेवढ्या वेळात माणूस तुमचं बोलणं ऐकत नाही.

इथे पॉइंटचा आकडा फसवतो. नवी पॉवरपॉइंट फाइल १६:९ आकारात उघडते, तेव्हा स्लाइडची उंची ७.५ इंच म्हणजे ५४० पॉइंट असते. ५५ इंची टीव्हीची उंची साधारण ६८.५ सेंटिमीटर. त्या हिशोबाने २८ पॉइंट म्हणजे साडेतीन सेंटिमीटर व्हायला हवेत. पण पॉइंट हे अक्षराचं माप नाही, अक्षराला दिलेल्या पूर्ण उभ्या जागेचं आहे. देवनागरीत किंवा गुजरातीत त्या जागेत वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचा उकारही बसवावा लागतो, त्यामुळे नुसत्या "क"च्या वाट्याला जेमतेम निम्मी उंची येते. भाचीने सोमवारी ऑफिसात स्टीलची पट्टी टीव्हीला लावून मोजलं: २८ पॉइंटचं अक्षर १९ मिलिमीटर भरलं. ३० हवे होते, म्हणजे ४४ पॉइंट लागणार. फॉन्ट बदलला की हे प्रमाण बदलतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलण्यापेक्षा एकदा आपल्या टीव्हीवर पट्टी लावावी.

४४ पॉइंटला एका ओळीत पाच-सहा शब्द बसतात. दोन ओळींचं एक वाक्य लिहिलं की वरचा तिसरा हिस्सा गेला. खाली एका चित्राला किंवा एका आलेखाला जागा उरते, दुसऱ्या कशालाही नाही. एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवायचा, ही गोष्ट मला तरी कधी आवडीनिवडीची वाटलेली नाही. शेवटच्या खुर्चीला वाचता येईल एवढं अक्षर घेतलं, की दुसऱ्या मुद्द्याला जागाच राहत नाही.

इथे पॉवरपॉइंटची एक सोय घात करते. मजकूर चौकटीत मावेनासा झाला की प्रोग्राम गुपचूप अक्षर लहान करतो. तुम्ही ४४ ठरवलेलं असतं, पाचवी ओळ लिहिली की ते ३२ होतं आणि कळतही नाही. म्हणून सुरुवातीलाच चौकटीवर राइट-क्लिक करून Format Shape उघडा, तिथे Text Options, मग Text Box, आणि Do not Autofit निवडा. आता मजकूर जास्त झाला की तो चौकटीबाहेर सांडेल आणि डोळ्यांना दिसेल. सांडला तर शब्द कापायचे, अक्षराला हात लावायचा नाही.

ओळींमधलं अंतरही थोडं वाढवा. इंग्रजीत चालतं तेवढं अंतर आपल्या लिपीला कमी पडतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. १.१ ते १.२ ठेवलं की अक्षरं मोकळी होतात. आणि अख्खा मजकूर ठळक करू नका. ठळक अक्षरात "ष", "क्ष", "ध" यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते आणि लांबून नुसता काळा ठिपका दिसतो.

मथळा म्हणजे पूर्ण वाक्य

"कॉम्प्रेस्ड एअर लीकेज" हा मथळा नाही, फाइलवरची चिठ्ठी आहे. त्यावरून गळती जास्त आहे की कमी, कुठे आहे, काय करायचं, यातलं काहीच कळत नाही. मथळ्यात क्रियापद असलेलं एक पूर्ण वाक्य लिहा, आणि खाली त्या वाक्याचा पुरावा ठेवा. अमेरिकेत मायकेल ॲली या प्राध्यापकांनी इंजिनियरांना हीच पद्धत शिकवली.

मथळ्याने काय बिघडतं, याचं एक उदाहरण मी दर वेळी सांगतो. जानेवारी २००३मध्ये कोलंबिया यान उडताना फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच इंजिनियरांनी नुकसानीचा अंदाज बांधून स्लाइडवरून व्यवस्थापकांना सांगितला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता: चाचण्यांची आकडेवारी सुरक्षेच्या बाजूने झुकलेली आहे, अशा अर्थाचा. खरी गोष्ट तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात होती: सुटलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा, आणि चाचण्या ज्या तुकड्यांवर झाल्या ते ३ घन इंचांचे. म्हणजे त्या चाचण्यांवरून या आघाताबद्दल ठामपणे काही सांगताच येत नव्हतं. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३च्या अहवालात या स्लाइडची चिरफाड केली आणि म्हटलं की ती वाचून वरिष्ठांना जिवावरचा धोका लक्षात आला नसेल, हे सहज समजण्यासारखं आहे. अपघाताची कारणं अनेक होती, एका स्लाइडवर सगळा भार टाकता येणार नाही. पण ६४० पटींचा फरक सगळ्यात खालच्या ओळीत होता, हे विसरता येत नाही.

भाचीला मी कागद दिला आणि म्हटलं, "स्लाइड बंद कर. साहेबांना जे कळायलाच हवं ते वाक्यांत लिही, एका ओळीत एक." तिने नऊ लिहिली. एकेक घेऊन आम्ही विचारत गेलो: हे साहेबांना कळलं नाही तर मंजुरी अडेल का? पाच वाक्यं गळाली. कॉम्प्रेसरचा मेक, बसवल्याचं साल, गळती म्हणजे काय याची व्याख्या, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. चार उरली. मीटिंग गुजरातीत होती म्हणून स्लाइडही गुजरातीतच केल्या, इथे मराठीत देतो.

पहिली: "मशीन बंद असतानाही कॉम्प्रेसर ३० टक्के वेळ लोडवर होता." लोडवर म्हणजे तो हवा दाबून भरत असतो, अनलोडवर मोटर नुसती फिरते.

दुसरी: "४३ पैकी २६ गळत्या लाइन २च्या कपलिंगवर आहेत."

तिसरी: "गळती १० टक्क्यांवर आणली तर वर्षाला सुमारे २ लाख वाचतील."

चौथी: "लाइन २साठी ३५ हजार रुपये आणि एक रविवार हवा."

एका स्लाइडवर दोन मुद्दे शिरलेत का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे वाक्यातला "आणि". "गळती जास्त आहे आणि कपलिंग जुनी आहेत" ही दोन वाक्यं आहेत, प्रत्येकाचा पुरावा वेगळा, म्हणून दोन स्लाइड. पण चौथ्या वाक्यातला "आणि" तोडू नका. पैसे आणि बंदचा दिवस ही एकाच मंजुरीची दोन अंगं आहेत, अर्धी मिळाली तर काम होणार नाही. दोन बाजूंना दोन वेगळे पुरावे लागतात का, एवढंच पाहायचं.

पुरावा एकच, आणि त्या वाक्याचाच

पहिल्या स्लाइडसाठी तिच्याकडे रविवारच्या चाचणीचा तक्ता होता. सगळी मशीनं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू ठेवला होता. तो ९० सेकंद लोडवर आणि २१० सेकंद अनलोडवर, असा फिरत होता. हवा कुणीच वापरत नव्हतं, म्हणजे लोडचा सगळा वेळ गळती भरून काढण्यात गेला: ३००पैकी ९०, ३० टक्के. तक्त्यात अशा दहा फेऱ्यांची नोंद होती. लांबून दहा ओळी कुणी वाचत नाही, आणि दहाही ओळी सांगतात तेच. आम्ही एकच आडवी पट्टी काढली, पाच मिनिटांची. त्यातला ९० सेकंदांचा तुकडा गडद नारिंगी, बाकी फिकट राखाडी. नारिंगीवर लिहिलं "लोड ९० सेकंद", राखाडीवर "अनलोड २१०". संपली स्लाइड.

दुसरीसाठी तिने एक्सेलचा रंगीत पाय-चार्ट लावला होता, सहा रंग आणि बाजूला रंगांची यादी. अशा यादीत बघणाऱ्याची नजर चार्टवरून यादीवर आणि परत अशा फेऱ्या मारते, आणि एक्सेलमधून येणारी अक्षरं दहा-बारा पॉइंटची असतात. चार आडव्या पट्ट्या केल्या, सगळ्यात मोठी वर. प्रत्येक पट्टीच्या डाव्या बाजूला नाव, टोकाला आकडा. यादी, मागच्या रेघा, खालचा अक्ष, सगळं पुसलं. लाइन २ची पट्टी नारिंगी, बाकी तीन राखाडी. लाल-हिरवा जोड टाळला, कारण तो फरक न दिसणारे पुरुष कुठल्याही खोलीत असू शकतात.

तिसरीवर चित्र नाहीच. "२ लाख" एवढाच आकडा, स्लाइडच्या निम्म्या उंचीचा. पण या आकड्यावर साहेब बोट ठेवणार हे नक्की होतं, म्हणून त्याचा हिशोब आधी तपासला. पॅनेलवर लोडला ३७ किलोवॉट आणि अनलोडला १० दिसत होते. गळती ३०वरून १०वर आली की २० टक्के वेळ कॉम्प्रेसर लोडऐवजी अनलोडवर राहील. दोन पाळ्यांचे वर्षाचे ४,८०० तास, त्यातले २० टक्के म्हणजे ९६०. फरक २७ किलोवॉटचा, म्हणजे २५,९२० युनिट. त्यांच्या बिलाच्या सरासरीने ८ रुपये युनिट धरून २,०७,३६०. तिने आधी चार लाखांवर लिहिले होते, कारण ३० टक्के गळती पूर्ण शून्य होईल आणि अनलोडला मोटर वीजच घेणार नाही, असं धरलं होतं. दोन्ही गोष्टी होत नाहीत. बोलताना आकडा पूर्ण सांगू नये, "सुमारे दोन लाख" म्हणावं, कारण मूळ मापंच तेवढी नेमकी नसतात. हा सगळा हिशोब शेवटच्या स्लाइडनंतर एका जादा स्लाइडवर ठेवला, विचारलं तरच दाखवायचा.

फोटो तिने सहा काढले होते, एक ठेवला. तो कापून असा केला की कपलिंगच स्लाइडभर दिसेल आणि साबणाच्या पाण्याचा बुडबुडा मधोमध येईल. तो पहिल्या आणि दुसऱ्या स्लाइडच्या मध्ये एकटा ठेवला, वर फक्त "लाइन २, मशीन ७". वाक्य न लिहिलेली ती एकच स्लाइड. तिथे बोलणारीने दहा सेकंद थांबून, बुडबुडा फुगताना आपण काय पाहिलं ते सांगायचं.

पार्श्वभूमी आणि तळाची जागा

उजेड असलेल्या खोलीत पांढरट पार्श्वभूमी आणि काळपट अक्षरं सगळ्यात भरवशाची. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकायचा थांबतो. त्यामुळे त्याचा काळा हा खोलीच्या उजेडात पडदा जेवढा काळा दिसेल तेवढाच. दिवे चालू असले की गडद निळी पार्श्वभूमी राखाडी होते आणि अक्षरं त्यात विरतात. टीव्हीवर अडचण वेगळी: गडद स्लाइडमध्ये समोरची खिडकी आरशासारखी दिसते.

तळाचा पाचवा हिस्सा रिकामा सोडा. टीव्ही खाली बसवलेला असतो आणि पुढच्यांची डोकी तिथे येतात. भाचीने खर्च नेमका तिथेच लिहिला होता. कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये तळाशी लोगोची पट्टी असेल तर असू द्या, मजकूर तिच्या बराच वर थांबवा.

वाचायचा कागद वेगळा

"पण मामा, साहेब म्हणतात पीपीटी मेल कर. मग चार वाक्यांतून त्यांना काय कळणार?" हा प्रश्न बरोबर होता, आणि बहुतेक गच्च स्लाइड याच भीतीतून जन्मतात. एकच फाइल बोलताना दाखवायची आणि नंतर वाचायचीही, हे जमत नाही. स्लाइड बोलणाऱ्याच्या साथीला असते, कागदाला बोलणारा नसतो. म्हणून एक ए-फोर पान वेगळं करा: दहा फेऱ्यांचा तक्ता, ४३ गळत्यांची यादी, बचतीचा हिशोब, सामानाचे दर. तिने ते ११ पॉइंटमध्ये एका पानावर बसवलं, कारण कागद हातभर अंतरावर धरतात. बोलून झाल्यावर वाटला. आधी वाटला असता तर सगळे खाली मान घालून वाचत बसले असते.

वेगळा कागद करायला वेळ नसेल तर प्रत्येक स्लाइडच्या खालच्या Notes मध्ये पूर्ण मजकूर लिहा आणि छापताना Notes Pages निवडा. दिसायला तेवढं बरं नाही, पण चालतं.

आदल्या दिवशी

View मधून Slide Sorter उघडा आणि फक्त मथळे सलग वाचा. गोष्ट लागत असेल तर क्रम बरोबर. भाचीच्या पहिल्या क्रमात पैसे आधी आणि गळतीची जागा नंतर होती. वाचताना तिलाच ते खटकलं.

मग फॉन्ट. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होतो, कारण आत मुळात देवनागरी नसतेच. युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोजवर Nirmala UI मध्ये देवनागरी आणि गुजराती दोन्ही आहेत, म्हणून मिश्र मजकुराला तो सोयीचा. दुसरा फॉन्ट वापरला असेल तर File, Options, Save मध्ये Embed fonts in the file वर खूण करा. आणि पीडीएफची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवाच, तिच्यात ओळी हलत नाहीत.

शक्य असेल तर त्याच खोलीत त्याच टीव्हीवर एकदा लावून शेवटच्या खुर्चीवर बसा. भाचीने सोमवारी पाच वाजता हे केलं आणि फिकट राखाडी पट्ट्या टीव्हीवर पांढऱ्यात मिसळून गेल्याचं तिला दिसलं. लॅपटॉपवर त्या नीट दिसत होत्या. राखाडी दोन छटा गडद केला.

दोन कळा लक्षात ठेवायला सांगितल्या. स्लाइड चालू असताना B दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की चित्र येतं. चर्चा सुरू झाली की सगळ्यांचे डोळे पडद्यावरून माणसांकडे वळवायला ती उपयोगी पडते. आणि आकडा टाइप करून Enter दाबलं की थेट त्या क्रमांकाची स्लाइड उघडते.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. साहेबांनी अपेक्षेप्रमाणे दोन लाखांवर बोट ठेवलं, तिने 6 आणि Enter दाबून हिशोबाची स्लाइड उघडली. ते बराच वेळ २७ किलोवॉटच्या ओळीकडे बघत होते, मग म्हणाले, अनलोडची वीज वजा केलीस, बरं केलंस. त्यानंतरचा प्रश्न, कुठला रविवार, हा टेबलाच्या टोकाला बसलेल्या प्रॉडक्शनच्या माणसाने विचारला.